अष्टमीची साखर

सहा परीक्षानळ्यांपैकी पाचवीतला गुलाबी रंग बाकीच्यांपेक्षा दोन छटा गडद होता. अपर्णाने स्टँड उचलून खिडकीकडे धरला, मग पुन्हा टेबलावर ठेवला. रंग डोळ्यांनी मोजायचा नसतो हे तिला ठाऊक होतं, त्यासाठी कलरीमीटर होता. पण बारा वर्षं रोज सकाळी हाच गुलाबी पाहून तिचा डोळा यंत्राच्या आधीच आकडा सांगू लागला होता. सव्वादोनशेच्या आसपास, तिने मनात म्हटलं. काटा दोनशे अठ्ठावीसवर थांबला.

तिने तोच नमुना पुन्हा लावला. दहा मायक्रोलीटर प्लाझ्मा, एक मिलिलीटर रसायन, सदतीस अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं. दोनशे सव्वीस. चूक तिच्या हाताची नव्हती.

नळीवरची चिठ्ठी निवृत्तीकाकांची होती. उपाशीपोटी, श्रावण पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी.

तिने जुनी वही काढली. एरवीच्या महिन्यांत काकांची उपाशीपोटीची साखर एकशे ऐंशी-नव्वदच्या घरात असायची. चांगली नव्हे, पण ओळखीची. आषाढ पौर्णिमेनंतर मात्र दोनशे एकोणीस आली होती आणि आता दोनशे अठ्ठावीस. आणि निवृत्तीकाका तर पौर्णिमेला अष्टशील घेणारे. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, वर्षावासात, पौर्णिमेला आणि अष्टमीला दुपारी बाराच्या आत जेवायचं आणि मग दुसऱ्या दिवसाच्या उजेडापर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. म्हणजे नमुना देताना त्यांच्या पोटात एकोणीस तास अन्न गेलेलं नव्हतं.

अपर्णाला गेल्या महिन्याचं आपलंच एक वाक्य आठवलं. रिपोर्ट हातात देताना ती सहज म्हणाली होती, "काका, रात्री काही खाल्लंत का?"

शेजारी काकांच्या पत्नी केसरबाई उभ्या होत्या.

गौलीगुड्यात, बस स्टँडकडून येणाऱ्या रस्त्यावर, कापडाच्या दुकानाच्या माथ्यावर अपर्णाची ही दोन खोल्यांची लॅब होती. पुण्याहून लग्न होऊन ती हैदराबादला आली तेव्हा तिच्याकडे बायोकेमिस्ट्रीची पदवी होती आणि तेलुगूचा एक शब्दही नव्हता. आता तिला तेलुगूत 'मूठ घट्ट आवळा' आणि दखनीत 'डरो नक्को अम्मा, चींटी काटे वैसा लगता' हे दोन्ही सारख्याच सहजतेने म्हणता येत होतं. पाटीवर मराठीतही नाव लिहिलेलं असल्यामुळे नांदेड-परभणीकडची माणसं वाट वाकडी करून तिच्याकडे येत. निवृत्तीकाका त्यांतले सगळ्यात जुने. वॉटर वर्क्समध्ये लाइनमन म्हणून चौतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. नाव निवृत्ती आणि निवृत्तही झाले, हा विनोद ते स्वतःच करत, दुसऱ्याला संधी देत नसत.

अकरा वाजता जिन्यावर चपला वाजल्या. आधी केसरबाई आल्या, मागून काका.

"जय भीम, ताई. आकडा सांगा," काका खुर्चीत बसत म्हणाले. आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

अपर्णाने कागद पुढे केला. केसरबाईंनी तो मधल्यामध्ये उचलला. त्यांना अक्षरं फारशी येत नव्हती, पण आकडे पक्के येत होते.

"दोनशे अठ्ठावीस! बघा म्याडम. गेल्या बारीला एकोणीस, आता अठ्ठावीस. आणि तोंड वर करून सांगायलेत, पाण्याबिगर काय घेतलं नाही म्हणून."

"नाही घेतलं."

"मग काय भिंत चाटली रातच्याला?"

"केसर, लोकं बसलेत बाहेर."

"बसू द्या. नातीच्या डब्यातले उस्मानिया बिस्कुटं दोन कमी होते. मी मोजून ठेवले होते."

"पिंकीच्या डब्यातले बिस्कुट पिंकी खाणार नाही तर कोण, पोलीस कमिशनर?"

एरवी अपर्णा हसली असती. पण काकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि तिच्याकडे न पाहता हळू आवाजात सांगितलं, की येत्या रविवारपासून ते विहारात शील देणार नाहीत. सतरा वर्षं दर रविवारी वंदनेला पुढे बसून ते पंचशील म्हणत आणि मागून सगळी वस्ती म्हणे. चौथं शील खोटं न बोलण्याचं. "घरातलं माणूस समोर बसून मनात म्हणायलंय की हा खोटारडा आहे. आणि मी पुढं बसून ते शील कसं म्हणू? माझी जीभ जड होते, ताई."

केसरबाईंनी कागद घट्ट धरून ठेवला. माघार घ्यायला त्या तयार नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर आकडा होता, आणि आकडा खोटं बोलत नाही असं त्यांना अपर्णानेच वर्षानुवर्षं सांगितलं होतं.

अपर्णाने बाहेरच्या दोघा पेशंटना दहा मिनिटं थांबायला सांगितलं, दार लोटलं आणि स्टुलावर बसली. मोठं बोलायची तिला सवय नव्हती.

"काकू, चूक माझी आहे. गेल्या महिन्यात मी काकांना विचारलं, रात्री काही खाल्लं का. ते विचारायला नको होतं. न खाताही साखर अशी चढू शकते. मला ते माहीत आहे, आणि तरी मी तसं बोलून गेले."

"न खाता?" केसरबाईंनी डोळे बारीक केले. "म्याडम, चूल पेटल्याबिगर भात शिजतो का?"

"मी सांगितलं तर तुम्हाला पटणार नाही. तुम्ही स्वतः मोजाल का?"

तिने कपाटातून हाताच्या पंजाएवढं एक यंत्र काढलं. तिचा दीर उदय अमेरिकेहून आला तेव्हा ते घेऊन आला होता. आता आबिड्सच्या दोन-तीन दुकानांतही ते मिळू लागलं होतं, पण त्याच्या पट्ट्या अजून महाग होत्या आणि अपर्णा त्या जपून वापरत असे. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर घ्यायचा, पाऊण मिनिटात आकडा.

"हे लॅबच्या मशिनपेक्षा थोडं कमी दाखवतं, ते लक्षात ठेवा. येत्या अष्टमीला काका शील घेतील. रात्री नऊला एकदा मोजा, सकाळी सहाला एकदा. मधली रात्र तुमची. काय पहारा करायचा तो करा. आणि काका, संध्याकाळची गोळी?"

"उपवासाला घेत नाही. अप्पाराव डॉक्टरांनीच सांगितलं, जेवण नाही तर गोळी नाही."

"बरोबर आहे. ती घेऊ नका. पोटात अन्न नसताना त्या गोळीने साखर एकदम खाली जाईल. आणि मध्येच घाम सुटला, हात थरथरले, तर आधी गूळ खायचा. मोजणं मग."

"गूळ चालतो," काका म्हणाले. "भंतेजींना विचारून ठेवलंय. औषध म्हणून अवेळीही चालतो."

केसरबाईंनी यंत्र उलटसुलट करून पाहिलं. अपर्णाने तिथल्या तिथे त्यांच्याकडून एकदा करून घेतलं, काकांच्याच बोटावर. त्यांनी नेम धरून असं टोचलं की काका खुर्चीतून उडाले.

"चाळीस वर्षांचा हिशेब एकदम काढलीस काय?"

"हौ," केसरबाई थंडपणे म्हणाल्या. "बाकी अजून लई आहे."

पुढचे आठ दिवस अपर्णाच्या मनातून ती अष्टमी गेली नाही. शास्त्रावर तिचा विश्वास होता, पण शरीर परीक्षेतल्या उत्तरासारखं वागेलच असं नसतं. समजा रात्री नऊची साखर जास्त निघाली आणि सकाळची कमी, तर? मग केसरबाईंचा संशय कायमचा पक्का होणार आणि त्यावर तिच्या लॅबचं शिक्कामोर्तब असणार. रविवारी ती भाजी आणायला बेगम बाजारच्या बाजूने गेली, तेव्हा वस्तीतली एक बाई भेटली आणि सहज म्हणाली, आज वंदनेला निवृत्तीदादा मागच्या रांगेत बसले होते, पाठ दुखते म्हणे.

अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी ती सातला लॅब उघडायला आली तेव्हा दोघं जिन्यात बसलेले होते. काकांच्या चेहऱ्यावर झोप झालेल्या माणसाचा तजेला होता. केसरबाईंचे डोळे लाल होते.

"रात्रभर जागलात की काय, काकू?"

"स्वयपाकघराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला. आणि दाराला पाठ लावून चटई टाकली. दोन बारी उठले हे, दोन्ही बारी मोरीत गेले, मी मागं मागं. पाणी पिले ते पण मीच दिलं."

"नव्या नवरीनं पण इतकं लक्ष दिलं नव्हतं," काका म्हणाले.

केसरबाईंनी पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढली. नातीकडून, पिंकीकडून, आकडे लिहून घेतले होते. नऊ वाजता एकशे एक्केचाळीस. सहा वाजता एकशे चौऱ्याण्णव.

अपर्णाने ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग काकांच्या दंडाला पट्टा बांधला, शिरेतून रक्त घेतलं, नळी फिरवली, रसायन घातलं. पंधरा मिनिटं तिघंही पाण्याच्या डब्यातल्या नळीकडे पाहत बसली. गुलाबी हळूहळू गडद होत गेला. दोनशे वीस.

"बाहेरून काही आलं नाही, आणि रात्रीत पन्नासने वाढली," ती म्हणाली. "काकू, तुम्ही स्वतः पाहिलंत."

केसरबाई यंत्राकडे बघत राहिल्या. "मग कुठून आली?" हा प्रश्न भांडणाचा नव्हता. पहिल्यांदाच त्या खरोखर विचारत होत्या.

अपर्णाने आठ दिवस याच उत्तराची तयारी केली होती. टेबलावर तिने यकृताचं चित्रही काढून ठेवलं होतं. पण काकांकडे पाहताना तिला ते बाजूला सारावंसं वाटलं.

"काका, तुमच्या एरियात नळ रोज यायचा?"

"रोज? दिवसाआड. उन्हाळ्यात तीन दिवसांआड."

"मग मधल्या दिवशी लोक काय करायचे?"

"काय करणार? संप भरून ठेवायचे नळाच्या दिवशी." जमिनीखालच्या हौदाला हैदराबादेत सगळेच संप म्हणतात. "मधल्या दिवशी त्यातलं काढायचं."

"शरीरातही तसंच आहे. जेवण म्हणजे नळाचा दिवस. साखर रक्तात येते. तेव्हा इन्शुलिन सुटतं. ते काय करतं, तर ती साखर स्नायूंत, चरबीत घ्यायला लावतं आणि यकृतात भरून ठेवतं. यकृत म्हणजे तुमचा संप. आणि संप भरताना बाहेर जाणारा व्हॉल्व इन्शुलिनच बंद करून ठेवतं. आत येतंय तेव्हा बाहेर कशाला सोडायचं?"

"बराबर."

"मग जेवण होऊन बरेच तास झाले की इन्शुलिन कमी होतं आणि दुसरा माणूस कामाला लागतो. त्याचं नाव ग्लुकॅगॉन. तो व्हॉल्व उघडतो. यकृतातली साठवलेली साखर रक्तात सोडतो. कारण मेंदूला रात्रीही साखर लागते. तो नसता तर उपवासाला माणूस चक्कर येऊन पडला असता."

"म्हणजे तो काही वाईट माणूस नाही," काका म्हणाले.

"अजिबात नाही. ड्यूटी करतोय तो. आणि साठा कमी व्हायला लागला की यकृत नवी साखर बनवायलाही लागतं, अंगातल्या प्रथिनांपासून, चरबी मोडून जे निघतं त्यापासून."

काका पुढे सरकले. "म्हणजे संपाला बोअरही मारलेली आहे!"

"हो," अपर्णा हसली. हे तिच्या तयारीत नव्हतं. "बोअरच. आणि उपवास जितका लांबतो तितकी ती जास्त चालते."

"पण मग शील घेणाऱ्या सगळ्यांचीच साखर वाढायला पाहिजे," केसरबाई म्हणाल्या. "माझी पण. मी पण घेते की."

या बाईला कॉलेजात पाठवलं असतं तर, असं अपर्णाच्या मनात येऊन गेलं. "तुमची वाढत नाही, कारण तुमचं इन्शुलिन रात्री अगदी थोडं का होईना, हजर असतं. व्हॉल्व किती उघडायचा, बोअर किती चालवायची, यावर त्याचा हात असतो. शरीराला लागेल तेवढंच सुटतं. काकांच्या शरीरात..."

ती थांबली, कारण काकांनी हात वर केला होता. त्यांची नजर खिडकीबाहेर होती.

"उस्मानगंजच्या लाइनीला एकदा असं झालं होतं," ते म्हणाले. "उघडणारा आला, चावी फिरवून गेला. बंद करणारा माणूस आजारी, ड्यूटीवर आलाच नाही. सकाळी बघतो तर रस्त्यावर ढोपरभर पाणी. सगळे लोक म्हणायले, कुणीतरी पाणी चोरलं, कुणीतरी लाइन तोडली. चोर कुणी नव्हता." ते अपर्णाकडे वळले. "माझ्यात बंद करणारा माणूस रातपाळीला येत नाही. असंच ना?"

"येतो, पण थकलेला. आणि यकृत त्याचं ऐकत नाही. ग्लुकॅगॉन मात्र जोरात असतो. दिवसा गोळीमुळे इन्शुलिन थोडं जास्त सुटतं, निभावतं. उपवासाला संध्याकाळची गोळीही नाही, तास जास्त. म्हणून तुमचा सगळ्यात कडक दिवस, त्याच्या दुसऱ्या सकाळी सगळ्यात वाईट आकडा."

केसरबाई उठल्या, काकांच्या शर्टाची वर गेलेली बाही त्यांनी खाली ओढली, टोचलेल्या जागेवरचा कापूस नीट दाबला.

"रविवारी पुढं बसा," त्या म्हणाल्या. "मी मागून जोरात म्हणते. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"पाठ दुखते माझी."

"आता नाही दुखणार."

काका हसले. मग पाकीट काढलं. अपर्णाला वाटलं पैसे देताहेत, आणि ती नको म्हणणार, तेवढ्यात त्यांनी चौपदरी घडी घातलेला एक कागद टेबलावर ठेवला. घडीवर कागद झिजून आरपार दिसत होता. वर डॉ. अप्पारावांचं नाव, खाली तारीख दोन वर्षांपूर्वीची. "रात्री झोपताना इन्शुलिन, दहा युनिट," अपर्णाने मोठ्याने वाचलं.

"हे काय हो?" केसरबाई म्हणाल्या. "मला तर सांगितलं नव्हतं."

"सांगितलं असतं तर तू सुई घ्यायला लावली असतीस." काकांनी कागदावर हात ठेवला. "आमचे थोरले भाऊ, नामदेवराव, नांदेडला. त्यांना सुई सुरू केली आणि चार महिन्यांत पाय कापला. मी दवाखान्यातच होतो. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलं, सुई म्हणजे शेवटची पायरी."

"जखम कधीची होती त्यांच्या पायाला?" अपर्णाने विचारलं.

"जखम? ती आधीची. वर्षभर वाहत होती."

"आणि साखर?"

"तीनशे-चारशे. गोळ्याच खात होते, त्या पण आठवण झाली तर." ते बोलता बोलता थांबले. स्वतःच्याच तोंडून ती क्रमवारी ऐकून, एखादी लाइन उलटी जोडली गेल्याचं नकाशा पाहिल्यावर लक्षात यावं, तसा त्यांचा चेहरा झाला. "म्हणजे सुईनं पाय नेला नाही. सुई आली तोवर पाय गेलेलाच होता."

डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी काकांच्या डाव्या डोळ्याच्या पडद्यावर साखरेमुळे आलेले दोन बारीक ठिपके पाहिले होते, ते तिला माहीत होतं, आणि काकांनाही.

"ही सुई गोळीसारखी जेवणासाठी नाही ना?" काकांनी विचारलं.

"नाही. ही रात्रीसाठी. झोपताना घ्यायची, पहाटेपर्यंत हळूहळू काम करते. यकृताला सांगायला, की पुरे आता."

"रातपाळीचा माणूस बाहेरून आणायचा."

"हो. दहा युनिट जुनं आहे, किती घ्यायचं ते अप्पाराव आज पुन्हा ठरवतील. आणि अष्टमी-पौर्णिमेला किती, तेही त्यांनाच विचारा. शील सोडायची गरज पडेल असं मला वाटत नाही, पण ते त्यांना ठरवू द्या."

"मोजायला आहे की आमच्याकडे माणूस." काकांनी केसरबाईंकडे पाहिलं. "टोचायला पण. हात बसलाय तिचा."

"माझ्याकडून घ्यायची असेल तर हलायचं नाही," केसरबाई म्हणाल्या. आणि कागदावरच्या दहाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

काकांनी तो झिजलेला कागद पुन्हा घडी न घालता, उघडाच, शर्टाच्या खिशात ठेवला. चष्मा चढवला. जिन्याकडे जाताना ते दारात थांबले, आणि चौतीस वर्षं भर रस्त्यात लोकांना पाण्याची वेळ ओरडून सांगणाऱ्या आवाजात, बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"आज रातच्यापासून मी सुई घेणार."